बारा शब्दांत रात्रभराचा प्रवास: छोटी तमिळ कविता वाचायची कशी?

छोट्या तमिळ कवितांची भाषांतरं हल्ली बरीच वाचायला मिळतात. चार-पाच ओळी, एखादं स्टेशन, थोडा पाऊस, संपलं. काही जण ‘वा!’ म्हणतात आणि काही जण विचारतात, ‘यात कविता कुठे आहे?’ मला हा दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो. भाषांतरात शब्द येतात, पण त्या शब्दांच्या मागे उभी असलेली व्यवस्था येत नाही. ती व्यवस्था दोन हजार वर्षं जुनी आहे आणि समजायला फारशी अवघड नाही.

नमुना म्हणून लांबच्या रेल्वेप्रवासावरची एक कविता घेऊ. नावाजलेल्या कवीची घेतली की आपण आदराने मान डोलावतो आणि शंका विचारायच्या राहून जातात. म्हणून ही कविता या लेखापुरती मीच जुळवली आहे. तिच्यात खोट काढायला सगळ्यांना मोकळीक.

एळुम्बूरिल् मळै.
तिरुच्चियिल् तूरल्.
कोविल्पट्टियिल् वेयिल्.
जन्नल् कम्बियिल्
काय्न्ददु
उन् कै ईरम्.

मराठीत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून:

एग्मोरला पाऊस.
त्रिचीला भुरभुर.
कोविलपट्टीला ऊन.
खिडकीच्या गजावर
सुकला
तुझ्या हाताचा ओलावा.

## आधी साधा अर्थ

तमिळमध्ये हे बारा शब्द आहेत. त्यातले पहिले सहा म्हणजे निव्वळ हवामानाची खबर. ‘गाडी’ हा शब्द कुठेच नाही. ‘मी’ नाही, ‘आठवण’ नाही, ‘विरह’ तर नाहीच. तरी कोणीतरी रात्रभर गाडीतून गेलंय, निघताना खिडकीपाशी कोणीतरी उभं होतं, आणि त्या माणसाचा पावसाने भिजलेला हात गजावर होता, एवढं आपल्याला कळतं.

तमिळ वाचकाला याहून थोडं जास्त कळतं. एग्मोर म्हणजे चेन्नईचं १९०८ साली सुरू झालेलं लाल-पांढरं स्टेशन. मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या गाड्या मुख्यतः चेन्नई सेंट्रलवरून सुटतात, तर त्रिची, मदुराई, तिरुनेलवेली, कन्याकुमारीकडच्या बहुतेक गाड्या पिढ्यान् पिढ्या एग्मोरवरून सुटत आल्या. त्यामुळे पहिला शब्द वाचताच दिशा ठरते. हा माणूस दक्षिणेला, बहुधा आपल्या गावाकडे निघालाय.

ऋतूही ठरतो, आणि इथे मराठी वाचक हमखास चुकतो. ‘पाऊस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जुलै उभा राहतो. तमिळनाडूच्या किनारपट्टीवर मोठा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, परतीच्या ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. वारे बंगालच्या उपसागरावरून येतात, म्हणून चेन्नई झोडपून निघते आणि आत, नैऋत्येकडे जावं तसा जोर साधारणपणे ओसरत जातो. पाऊस, भुरभुर, ऊन हा क्रम म्हणजे त्या दिवसांत रात्रीच्या गाडीने गेल्यावर सहज दिसू शकणारी गोष्ट. कवितेने ती नुसती नोंदवली आहे.

इथपर्यंत ही एक बरी नोंद झाली. ती कविता कशी होते, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

## जमीन सांगितली की भावना सांगायची गरज उरत नाही

तमिळमधला सर्वांत जुना उपलब्ध व्याकरणग्रंथ म्हणजे ‘तोल्काप्पियम्’. ध्वनी आणि शब्द यांच्याबरोबर कवितेत काय सांगायचं आणि कसं सांगायचं याचेही नियम त्यात आहेत. प्रेमकवितेचा नियम असा: कवीने भूप्रदेश निवडायचा, आणि प्रत्येक भूप्रदेशाला प्रेमातली एक अवस्था बांधलेली. या जोडीला ‘तिणै’ म्हणतात. लेखात हाच एक पारिभाषिक शब्द मी पुन्हा पुन्हा वापरणार आहे.

प्रेमाच्या तिणै पाच. डोंगर म्हणजे चोरून झालेली भेट, वेळ मध्यरात्रीची. या तिणैचं नाव कुरिंजीच्या फुलावरून पडलं आहे. मुन्नारला बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी ती हीच, आणि आपल्या सह्याद्रीतली कारवी तिच्याच कुळातली. कुरणं आणि झाडी म्हणजे धीराने वाट पाहणं, पावसाळ्यातल्या संध्याकाळी. भातशेती म्हणजे रुसवा, कारण नवरा रात्र भलतीकडे काढून पहाटे घरी परतलाय. समुद्रकिनारा म्हणजे जीव कासावीस करणारी काळजी, वेळ दिवस मावळण्याची. आणि पाचवी पालै, म्हणजे रखरखीत ओसाड वाट: ताटातूट, उन्हाळा, भर दुपार.

प्रत्येक तिणैचं स्वतःचं सामानही ठरलेलं. देव, अन्न, प्राणी, झाड, पक्षी, ढोल, धंदा, सुरावट. कवीने भातखाचरात पाय बुडवून बसलेला बगळा दाखवला की ऐकणाऱ्याला कळायचं, इथे कुणीतरी रुसलंय. पत्रावर पिनकोड घातला की जिल्हा आणि पोस्ट ऑफिस वेगळं लिहिलं नाही तरी टपाल बरोबर पोचतं, तसंच. बगळा हा पिनकोड. शब्दांची बचत होते ती इथे.

आणखी एक नियम रेल्वेच्या कवितेला फार उपयोगी पडतो. प्रेमकवितेत त्याचं किंवा तिचं नाव घ्यायचं नाही. बोलणारे ठरलेले: तो, ती, तिची मैत्रीण, आई, वाटेत भेटलेले लोक. ‘कुरुंतोगै’ या संग्रहातल्या चारशे कविता अशाच बिननावी माणसांच्या आहेत, आणि जवळजवळ सगळ्या चार ते आठ ओळींच्या. त्यातल्या चाळिसाव्या कवितेत तो तिला म्हणतो की तुझी आई न् माझी आई एकमेकींच्या कोण, आपले वडील एकमेकांचे कोण, तरी तांबड्या मातीत पडलेल्या पावसासारखी आपली मनं मिसळली. या कवीचं मूळ नाव हरवलं. संग्रह करणाऱ्यांनी त्याला त्याच्या प्रतिमेचंच नाव देऊन टाकलं: सेम्बुलप्पेयनीरार, तांबड्या रानातल्या पाऊसपाण्याचा कवी. ही कविता इंग्रजीतून लंडनच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांतही लागली होती. जाता येता वाचायला एवढीच लांबी बरी.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. सातवाहनांच्या काळातल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा काढून बघा. तिथेही नावं नाहीत, बाईच बोलते, आणि जे सांगायचं ते शेत, नदी, वाट यांच्या आडून सांगते. सातवाहनांनी काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला तमिळशी अगदी जवळची भाषा छापली होती, तेव्हा ये-जा होती हे नक्की. फरक इतकाच की गाथांमध्ये सूचना आहे, तर तमिळमध्ये त्या सूचनेचं पक्कं कोष्टक आहे.

## पालै, जिला स्वतःची जमीन नाही

पाचातली पालै विचित्र आहे. डोंगर, कुरण, शेत, किनारा हे नकाशावर दाखवता येतात. तमिळ प्रदेशात खरं वाळवंट असं नाही, मग ही ओसाड जमीन आली कुठून? ‘सिलप्पदिकारम्’ या महाकाव्यात याचं उत्तर आहे. कुरण आणि डोंगर ऋतूच्या तडाख्याने आपला मूळ स्वभाव गमावतात, होरपळतात, तेव्हा ते पालैचं रूप घेतात. म्हणजे पालै हे ठिकाण नसून ठिकाणाची अवस्था आहे. हिरवी जमीन सुकली की पालै होते.

जुन्या पालै कवितांची गोष्ट बहुतेक एकच असते. तो पैसा कमवायला निघालाय. वाटेत वाटमारे, सुकलेले पाणवठे, पानं झडलेली झाडं, त्यांच्यावर गिधाडं. आणि चालता चालता मध्येच तो स्वतःच्या मनाशी बोलतो: परत फिरू या का? आज हीच गोष्ट रोज रात्री शयनयान डब्यात घडते. नोकरी, बदली, शिक्षण, आखातातलं काम. म्हणून लांबच्या रेल्वेप्रवासावरची तमिळ कविता जवळजवळ आपोआप पालैकडे झुकते, कवीच्या मनात तोल्काप्पियम् असो वा नसो.

पण रेल्वेमुळे एक अडचण उभी राहते. तोल्काप्पियम् म्हणतं, एका तिणैची भावना किंवा वेळ दुसरीत मिसळली तर चालेल, पण दोन जमिनी एकत्र करायच्या नाहीत. पायी चालणाऱ्या माणसाच्या काळात हे ठीक होतं. गाडी मात्र संध्याकाळी किनाऱ्यावरून निघते, मध्यरात्री कावेरी ओलांडून भाताच्या मुलखाच्या कडेने जाते, दिंडिगलपाशी डोंगर दाखवते आणि सकाळी कोरडवाहू रानात आणून सोडते. एका तिकिटात चार जमिनी. यातली कवितेची कोणती?

बरेच कवी इथे गडबडतात आणि खिडकीतून दिसलेलं सगळं कवितेत भरतात. आपल्या नमुन्यात जमिनी जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतं ते पाणी कमी होत गेलेलं.

## आता ओळीओळीने

पहिल्या तीन ओळींची रचना एकसारखी आहे: ठिकाण, मग हवा. क्रियापद नाही. तमिळला अशा वाक्यात ‘आहे’ लागत नाही, त्यामुळे ते अपुरं वाटत नाही. वेळापत्रक वाचावं तशा ओळी पुढे सरकतात.

ठिकाणं मात्र विचार करून निवडावी लागतात. एग्मोरचं पाहिलं. त्रिची मध्ये हवी, कारण या मार्गावर ती साधारण अर्ध्यावर, मध्यरात्रीच्या आसपास येते आणि तिच्या तोंडाशीच कावेरी आहे. पाणी अजून संपलेलं नाही, पण पाऊस भुरभुरीवर आलाय. तिसरं ठिकाण सर्वांत महत्त्वाचं. इथे मदुराई घातली असती तर ओळ पडली असती. मदुराई म्हटलं की मीनाक्षीचं मंदिर, मोगरा, गजबज. वाचकाचं मन तिकडे धावतं. कोविलपट्टी म्हणजे काळ्या मातीचा, पावसाकडे डोळे लावून बसणारा कोरडवाहू मुलूख. कापूस, ज्वारी, बाजरी, बाभळी, काड्यापेटीचे कारखाने. या काळ्या मातीला तमिळमध्ये ‘करिसल’ म्हणतात, आणि तिच्या नावाने तमिळ साहित्यातला एक अख्खा प्रवाह ओळखला जातो. आपल्याकडच्या सोलापूर-मराठवाड्याच्या वाचकाला हे रान लगेच ओळखीचं वाटेल. कोविलपट्टी आणि ऊन हे दोन शब्द शेजारी ठेवले की तमिळ वाचकापुढे पालै उभी राहते. ओसाड, निष्पर्ण, विराण अशी तीन विशेषणं तिथेच वाचली.

चौथ्या ओळीत कवितेची खरी चलाखी आहे. एळुम्बूरिल्, तिरुच्चियिल्, कोविल्पट्टियिल्, आणि आता कम्बियिल्. ‘इल्’ हा तिथला सप्तमीचा प्रत्यय, आपल्या ‘एग्मोरला’तल्या ‘ला’चं काम करणारा. तीन वेळा तो स्टेशनांना लागला आणि चौथ्यांदा खिडकीच्या गजाला. म्हणजे गज हे चौथं स्टेशन झालं. वाचकाची नजर राज्याच्या नकाशावरून बोटभर लोखंडावर येते, आणि वाचकाची तयारी अशी झालेली असते की इथेही आता हवामान कळणार.

तसं ते कळतंही: सुकला. कवितेतलं हे पहिलं आणि एकमेव क्रियापद. आधी सुटी ओळ, मग कर्ता. काय सुकलं ते वाचकाला एका श्वासानंतर कळतं. तुझ्या हाताचा ओलावा. तमिळ ‘ईरम्’मध्ये ओल आणि माया हे दोन्ही अर्थ आहेत, आणि आपल्या ‘ओलावा’तही आहेत, म्हणून ही ओळ मराठीत नुकसान न होता आली. हिंदीत ती एवढी सहज येणार नाही.

आता मघाची पालैची व्याख्या पुन्हा बघा. ओली जमीन सुकली की पालै होते. चार बोटांच्या गजावर नेमकं तेच झालंय. सहाशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आणि एवढीशी जागा, दोन्हींवर एकच घटना घडली. हा जोडा जुळतो म्हणून मला ही कविता उभी राहते असं वाटतं. ‘तुझी आठवण येते’ हे त्यात आलं म्हणून नव्हे.

आणि एक कडू गोष्ट. पालैतला पुरुष घर सोडून परमुलखात जातो. इथला माणूस एग्मोरहून दक्षिणेला, म्हणजे बहुधा घरीच चाललाय. ओल मागे शहरात राहिली आणि ओसाड झालं ते गाव. जुन्या नियमाला गाडीने असं उलटं वळण दिलं आहे.

## एक जमीन बदलून बघा

हे सगळं मी कवितेवर लादतोय असं वाटत असेल तर तपासायला सोपी युक्ती आहे. एकच जागा बदलायची आणि भावना बदलते का पाहायचं.

एग्मोरहूनच रामेश्वरमची गाडी घेऊ. ती त्रिचीनंतर पुदुक्कोट्टै, कारैक्कुडी, मानामदुरै, रामनाथपुरम् करत मंडपमला पोचते आणि मग समुद्रावरून पांबन बेटावर जाते. जुना पूल १९१४ सालचा; ६ एप्रिल २०२५ रोजी त्याच्या शेजारचा नवा, मधला भाग सरळ वर उचलला जाणारा पूल सुरू झाला, तेव्हा त्याचे फोटो आपणही पाहिले असतील. तिसरी ओळ बदलू: ‘पाम्बनिल् उप्पुक्काट्रु’, पांबनला खारा वारा. आता पाचवी ओळ ‘सुकला’ अशी ठेवता येत नाही. खाऱ्या वाऱ्यात लोखंड सुकत नाही, चिकट ओलं राहतं. म्हणून ‘कायविल्लै’, सुकला नाही.

एग्मोरला पाऊस.
त्रिचीला भुरभुर.
पांबनला खारा वारा.
खिडकीच्या गजावर
सुकत नाही
तुझ्या हाताचा ओलावा.

दोनच ओळी बदलल्या. पहिल्या कवितेत काहीतरी संपलं होतं. दुसरीत ते संपत नाही, आणि न संपणं हाच त्रास आहे. समुद्रकिनाऱ्याच्या तिणैला दोन हजार वर्षांपूर्वी जी भावना बांधली ती हीच: काळजी, जिवाची घालमेल. ही दुसरी मला पहिलीपेक्षा थोडी कमी आवडते. ‘ओलावा सुकत नाही’ हे ऐकायला गोड आहे, आणि गोड ओळीवर मी जरा संशय घेतो.

## ‘पण हात तर पाच मिनिटांत सुकतो!’

बरोबर आहे. धावत्या गाडीत तर दोनच मिनिटांत. शिवाय एग्मोरला पाऊस होता म्हणजे गज तसाही ओलाच होता. त्यातला तिच्या हाताचा भाग कोणता?

कविता ‘कोविलपट्टीला सुकला’ असं म्हणत नाही. चौथं ठिकाण स्वतंत्र आहे, त्याला वेळ दिलेली नाही. ओल चेन्नईच्याच तांबरम उपनगराच्या आधी गेली असेल. त्याला ती गेल्याचं सकाळी ऊन गजावर पडलं तेव्हा दिसलं. हा खुलासा मला पुरेसा वाटतो. दुसऱ्या शंकेला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. गजावर तिच्या हाताची ओल आणि पावसाची ओल वेगळी करता येत नाहीच. ज्याला ती करायची असते तो करतो, असं म्हणता येईल; पण कडक वाचकाने इथे एक गुण कापला तर मी भांडणार नाही.

तिसरी शंका वेळेची. पालैची वेळ भर दुपारची, आणि रात्रीची गाडी कोविलपट्टीला सकाळीच येते. इथे जुना नियमच मदतीला येतो: वेळ मिसळली तर चालते. ‘उच्चि वेयिल्’, म्हणजे टळटळीत दुपारचं ऊन, असा शब्द घालता आला असता. मग ती गाडी सात-आठ तास लेट झाली असं मानावं लागलं असतं, आणि वाचकाचं लक्ष विरहावरून रेल्वेच्या कारभारावर गेलं असतं.

## ‘हे तर ओळी तोडलेलं गद्य झालं’

ही शंका तमिळमध्येही जुनी आहे. कुरुंतोगैतल्या कविता मोजून बांधलेल्या छंदात आहेत. विसाव्या शतकात तमिळ कवींनी तो छंद सोडला आणि ‘पुदुक्कविदै’, म्हणजे नवी कविता, रुजली. तेव्हा पंडितांनी हेच म्हटलं होतं. जपानी हायकूची चाहूल तर त्याही आधीची. सुब्रमण्य भारतींनी १९१६ साली तिच्याबद्दल तमिळ वाचकांसाठी लिहिलं होतं. त्यामुळे आजची तीन-चार ओळींची तमिळ कविता कुरुंतोगैची नात आहे तशी हायकूचीही भाची आहे.

छंद गेला तरी कान गेला नाही. तमिळमध्ये दोन ओळींच्या किंवा शब्दांच्या सुरुवातीला सारखे ध्वनी आणण्याला ‘मोनै’ म्हणतात, आणि तिच्या नियमात अ, आ, ऐ हे स्वर एका गटातले मानतात. आता मोठ्याने वाचा: कम्बियिल्, काय्न्ददु, कै. शेवटच्या तीन ओळींत एकेक, तिन्ही ‘क’ने सुरू होणारे आणि तिन्हींचे स्वर एकाच गटातले. वरच्या चार ओळींत ‘इल्’ची घरघर चालते, मग ती थांबते आणि चौथीपासून सुरू झालेला हा ‘क’ उरतो. गद्याची ओळ तोडून हे मिळत नाही. मराठी भाषांतरात मात्र हे गेलं. ‘गजावर, सुकला, तुझ्या हाताचा’ यात ते जुळत नाही, आणि ओढूनताणून जुळवलं तर अर्थ वाकतो.

## ‘तिणै कोणाला माहीत असते?’

तमिळनाडूत बऱ्याच जणांना, निदान शाळेपुरती. पाच तिणै, त्यांच्या जमिनी, त्यांची फुलं हे तमिळच्या पाठ्यपुस्तकात असतं आणि परीक्षेत विचारलं जातं. पुढे तपशील विसरतात, पण ‘पालै’ म्हटल्यावर विरह आणि ऊन आठवतं. आणि ज्याला तेही आठवत नाही त्याला कोविलपट्टीचं ऊन माहीत असतं. तिणै मुळात कवींनी हवेतून काढलेली नाही. कोणत्या मुलखात, कोणत्या ऋतूत घरातली माणसं दूर जातात, कधी परततात, याच्या निरीक्षणातूनच ते कोष्टक आलं असणार. कुरणातली बाई पावसाळ्यात वाट पाहते, कारण पाऊस लागला की बाहेर गेलेले पुरुष परतायचे.

## मग चांगली आणि वाईट ओळखायची कशी

रेल्वेवरची छोटी कविता फसते ती बहुतेक एकाच कारणाने. कवी डब्याच्या आत बघत बसतो. चहावाल्याची हाक, वरचा बर्थ, साखळी, निळं रेक्झिन, टीसी. हे सामान एग्मोरला जसं तसंच नागरकोविललाही. ते कोणत्याच जमिनीचं नाही, म्हणून कोणतीच भावना उचलत नाही. मग उरलेली भावना कवीला शब्दांनी सांगावी लागते आणि ‘आयुष्य म्हणजे प्रवास’ छापाची ओळ येते. तशी ओळ दिसली की खुशाल पुढे जावं.

याउलट फलाटावर विकायला येणाऱ्या खाण्याकडे बघा. त्रिची सोडली की मणप्पारैची मुरुक्कु, म्हणजे चकली. विरुदुनगरच्या पुढे सात्तूरची शेव. कोविलपट्टीला शेंगदाण्याची चिक्की, कडलै मिट्टाय, तिला भौगोलिक मानांकनही आहे. तिरुनेलवेलीला गव्हाच्या चिकाचा हलवा. जुन्या यादीत प्रत्येक जमिनीचं ‘अन्न’ होतं, ते आजही असं स्टेशनगणिक बदलतं. एखाद्या कवितेत आईने परत जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत कोविलपट्टीची चिक्की कोंबली, तर कोरडवाहू रान, परतीची दिशा आणि मायेचा हिशेब हे सगळं त्या एका पुड्यात आलं. पुढच्या ओळीत ‘आईचं प्रेम’ असं लिहिलं की मात्र कविता गेली.

## ‘आणि वातानुकूलित डब्यात?’

तिथे ही कविता चालत नाही. गज नाही, खिडकी उघडत नाही, हात आत येत नाही. गंमत अशी की ३१ ऑगस्ट २०२४ पासून एग्मोर-नागरकोविल वंदे भारत सुरू झाली. ती पहाटे निघते, दिवसाउजेडी धावते आणि दुपारच्या सुमाराला कोविलपट्टी गाठते. म्हणजे तोल्काप्पियम्ने नेमून दिलेली पालैची वेळ अखेर वेळापत्रकात आली, आणि त्याच गाडीने खिडकी बंद केली.

आता त्याच साच्यात पुन्हा लिहायचं तर ओल काचेच्या बाहेरच्या बाजूला असेल. तिने बाहेरून काचेवर तळवा टेकवला, तर त्याचा ठसा आतून दिसेल पण हाताला लागणार नाही. तो सुकला की नाही हे बोट लावून कळायचं नाही, नुसतं बघत राहावं लागेल. पहिल्या तीन ओळी तशाच राहू शकतात. चौथीत ‘जन्नल् कम्बियिल्’च्या जागी ‘कण्णाडियिन् वेळिये’, काचेबाहेर, येईल. त्याबरोबर चौथं ‘इल्’ जाईल आणि गज स्टेशन होण्याची गंमतही जाईल. पाचव्या ओळीला वेगळं क्रियापद लागेल. ते मला अजून सापडलेलं नाही. ‘दिसतो’ घालून पाहिलं, पण त्यात ऊन काहीच काम करत नाही.